सभासदांना दिवाळीचं पत्र

बेळगावच्या शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे. वर्षात पाच हजारांची खरेदी झाली की आम्ही गिऱ्हाइकाला सभासद कार्ड देतो, अशी 340 कार्डं झाली आहेत. गेल्या दिवाळीत ठरवलं की सेल सगळ्यांना खुला होण्याआधी तीन दिवस फक्त या माणसांसाठी ठेवायचा आणि तसं आभाराचं पत्र पाठवायचं.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला. वर 'सभासदांसाठी 20 टक्क्यांपर्यंत सूट', शेवटी 'आपले आभार'. सासूबाई वाचून म्हणाल्या, "अगं, ही तर जाहिरात झाली. आभार कशाबद्दल ते तरी लिही की."

मग परत बसले. या वेळी सुरुवात अशी झाली:

"सप्रेम नमस्कार. लेकीच्या लग्नाचा बस्ता असो की गौरीची साडी, तुम्ही आमच्याच दुकानाची पायरी चढलात. म्हणून यंदाचा नवा माल आधी तुम्हाला दाखवायचा आहे."

'पर्यंत' हा शब्दही काढला. माणूस 20 वाचतो, 'पर्यंत' वाचत नाही, आणि मग बिल करताना वाद होतो. त्याऐवजी स्पष्ट लिहिलं: इरकलवर 20 टक्के, सिल्कवर 10, नव्या पैठणीवर सूट नाही. 'दिवाळीआधी' असं मोघम न ठेवता सोमवार ते बुधवार, तारखांसकट, सकाळी 10 ते रात्री 8. वसुबारसेपासून सेल सर्वांना. पत्र पुढे पाठवलं जाणार हे गृहीत धरून 'येताना कार्ड आणा' ही ओळ टाकली. आमची बरीच गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी, म्हणून शेजारच्या दुकानदारांकडून तोच मजकूर कन्नडमध्येही लिहून घेतला.

खरी अडचण पाठवताना आली. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 च नंबर बसतात, म्हणून दोन याद्या केल्या. संध्याकाळी पाहिलं तर 90 जणींच्या नावापुढे एकच टिक. खानापूरच्या एका काकूंना फोन लावला. त्यांचा फोन चालू होता, नेटही होतं, पण आमचा नंबर त्यांनी सेव्हच केला नव्हता. ब्रॉडकास्ट ज्यांच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो, हे मला तेव्हा कळलं. मेसेज वाचला नाही आणि मेसेज पोचलाच नाही, यातला फरक त्या टिकेवरून कळतो, फक्त दुसऱ्या दिवशीही बघावं लागतं, कारण काहींचा फोन नुसता बंद असतो.

दुसऱ्या दिवशीही 74 जणी उरल्या. त्यांची पत्रं छापून आणली, प्रत्येक पत्रावर नाव आणि कार्ड नंबर हातानं लिहिला, आणि सेलच्या आठ दिवस आधी पोस्टात टाकली. आता कार्ड देतानाच मी समोर बसून त्यांच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर सेव्ह करून देते.

सोमवारी सकाळी खानापूरच्या काकू जावेला घेऊन आल्या. पत्र चार घड्या करून बटव्यात ठेवलेलं होतं. कार्ड मात्र घरी राहिलं होतं. पत्रावरचा नंबर बघून मी बिल केलं.