साडेचारशेची चादर

मी टूर मॅनेजर आहे आणि राजस्थानच्या सहली करून मला अकरा वर्षं झाली. या धंद्यात लोक किल्ले विसरतात, पण खरेदीत फसलेले विसरत नाहीत. म्हणून मी जयपूरला पोचले की पहिल्या संध्याकाळी, पाहुणे जेवायला बसले की, एकटी बाहेर पडते आणि पुरोहितजी का कटला गाठते. बडी चौपडजवळचा हा गल्ल्यागल्ल्यांचा बाजार म्हणजे जयपूरच्या घरांतली खरेदीची जागा. लग्नाचा बस्ता, पोशाख, चादरी, सगळं इथे मिळतं. हवामहालासमोरच्या दुकानांत जे पर्यटकासाठी मांडलेलं असतं, त्याच्या जवळपासचंच बरंच काही इथे स्थानिक बायका घासाघीस करून घेत असतात.

तिथे दर विचारून काही कळत नाही. विचारलेला दर हा नुसता सुरुवातीचा आकडा असतो. मी दुकानात एखाद्या गिऱ्हाईक बाईशेजारी उभी राहते, कापड चाळते आणि तिने शेवटी किती पैसे मोजले ते पाहते. त्या दिवशी तीन दुकानांत मला छापील डबल बेडची चादर, दोन अभ्र्यांसह, साडेसहाशे, सहाशे आणि साडेपाचशे सांगितली. तिसऱ्या दुकानात माझ्याशेजारच्या बाईने तशाच दोन चादरींचे नऊशे रुपये दिले. म्हणजे नगाला साडेचारशे. मी वहीत लिहिलं: ‘चादर डबल, ४५०.’ एवढंच लिहिलं, आणि इथेच माझी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमेर झालं. दुपारी कार्यक्रमपत्रिकेत ‘हस्तकला प्रात्यक्षिक’ होतं. हे प्रात्यक्षिक कसं असतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. एक माणूस कापडावर चार ठसे मारून हत्ती उमटवतो, कापड पाण्यात बुडवतो, रंग पालटतात, टाळ्या पडतात. मग सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेतात. वर जे विकायला असतं त्याचा खालच्या ठशांशी संबंध असेलच असं नाही. गाइड आणि ड्रायव्हरला विक्रीवर टक्का मिळतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या बिलातूनच निघतो. मी टक्का घेत नाही. पण इतकी वर्षं तिथे गप्प उभी राहिले आहे, कारण ते दुकान कंपनीने ठरवलेलं आहे. ही पद्धत मला मुळापासून चुकीची वाटते.

आमच्या ग्रुपमध्ये साताऱ्याच्या एक काकू होत्या. मुलीच्या लग्नात आहेराला बारा चादरी न्यायच्या म्हणून त्यांनी दोन दिवस बाकी काहीच घेतलं नव्हतं. दुकानदाराने चादर सांगितली २,८०० रुपये. ‘हँडब्लॉक है मॅडम, फॅक्टरी का रेट लगाऊँगा’ म्हणत तो १,८०० वर आला. काकूंना घरच्यांनी पढवून पाठवलं होतं की सांगितलेल्या दराच्या निम्म्यावर मागायचं. त्यांनी १,४०० लावून धरले आणि वीस मिनिटांनी तो तयार झाला. काकू माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा नुसता उजळला होता.

मी चादरीचा कोपरा हातात घेतला. पांढऱ्या कापडावर लाल-हिरवी बुट्टी होती आणि एका पानाचं टोक तुटलेलं होतं. हाताने छापताना असं होतंच, ठसा कुठे नीट टेकत नाही. पण दीड हात पुढे गेले तर तसंच पान, तसंच तुटलेलं. आणखी दीड हात पुढेही तेच. हाताची चूक फिरत राहते, एकदा इथे तर एकदा तिथे. एकच चूक ठशाच्या मापापेक्षा मोठ्या, ठरावीक अंतरावर परत येत असेल तर ती जाळीच्या चौकटीत बसलेली आहे. म्हणजे छपाई स्क्रीनची, आणि चौकट बनवताना ठशाचं खोटं वैगुण्यही त्यात उतरवून घेतलेलं. कोपरा चोळला तर बोटांना पांढरी भुकटी लागली. म्हणजे खळ दिलेली, एका धुण्यात कापड विरविरीत पडणार. कटल्यातली चादर हीच होती.

मी हळूच म्हटलं, “काकू, ही बाजारात साडेचारशेला मिळते.”

काकूंनी बाराही चादरी गाठोड्यातून काढून गादीवर ठेवल्या आणि जिना उतरल्या. दुकानातला माणूस मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. गाइड दिवसभर माझ्याशी बोलला नाही. तरीही त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं.

आमचं विमान रात्रीचं होतं. जयपूरचा विमानतळ सांगानेरलाच आहे, आणि सांगानेर हे ठशांच्या छपाईचं जुनं गाव. वेळ होता म्हणून मी बस तिकडे वळवली. एका छपाईवाल्याकडे मी कधी कधी जाते. लांबट पत्र्याची शेड, आत गोणपाटाचे थर घालून वर कापड ताणलेली मेजं, आणि प्रत्येक छपाईवाल्यासोबत सरकणारी रंगाची गाडी. तो शिसमचा ठसा रंगाच्या गादीवर टेकवतो, कापडावर ठेवतो, मुठीने वर एक ठोका देतो. आधी रेख, म्हणजे बाह्यरेषा. मग गद, म्हणजे भोवतालची जमीन. मग दत्ता, म्हणजे आतला भरणा. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. ठशाच्या कोपऱ्यात बारीक खूण असते, तिच्यावर पुढचा ठसा जुळवायचा.

काकूंना तिथे पांढऱ्यावर गुलाबी बुट्टीची चादर फार आवडली. मालकाने १,१५० रुपये सांगितले, आणि दोन्ही अभ्रे.

काकू म्हणाल्या, “साडेचारसौ.”

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, “मॅडम, इससे ज़्यादा का तो कपड़ा है।” आणि त्याने चादर मेजावर पसरली.

त्याचा हिशेब मला पटला आणि आजही पटतो. चादर ९० इंच बाय १०८ इंच. ठसा साधारण ६ इंच बाय ६ इंच. म्हणजे लांबीला १८ ठोके आणि रुंदीला १५, एका रंगाचे २७० ठोके. तीन रंगांचे ८१०. आणि प्रत्येक ठोक्याआधी ठसा रंगात बुडवायचा, खुणेवर जुळवायचा. त्याच्याकडचा चांगला कारागीर दिवसाला दोन चादरी उतरवतो, त्याचा रोज सातशे रुपये. म्हणजे छपाईची मजुरी साडेतीनशे. मोठ्या पन्ह्याचं जाड सुती कापड अभ्र्यांसह तीन मीटर, त्याला एकशे साठ रुपये मीटर पडतं, म्हणजे ४८०. रंग, धुणं, शिवण यांचे दीडशे. हे सगळं मिळून ९८० होतात. १,१५० मधून उरतात ते १७०. उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावं लागतं, पाऊस पडला की कापड वाळत नाही, एखादी चादर रंग फुटून वाया जाते. ते त्यातूनच जायचं.

मी काकूंना ही चादर उलटून दाखवली. मागच्या बाजूला रंग कुठे दाट, कुठे फिका झिरपला होता. एका फुलाची कड सरकलेली होती, शेजारचं फूल मात्र नीट होतं. “काकू, ती चादर वेगळी होती. ही हाताची आहे. अकराशेला मिळाली तर घ्या.”

“अगं, पण साडेचारशे तूच म्हणालीस ना? दुपारी चौदाशेला लुटायला निघालेला तो पण हँडब्लॉकच म्हणत होता. मग हा तरी खरा कशावरून?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण वेळ नव्हता. बसमध्ये तीस माणसं खोळंबली होती. दुपारी त्या दुकानात मी काकूंना पानाचं तुटलेलं टोक दाखवलं नव्हतं, भुकटी दाखवली नव्हती. फक्त आकडा दिला होता. आकडा घेऊन माणूस कुठेही जातो. काकूंनी तो घेऊन अशा माणसासमोर ठेवला, ज्याने फसवाफसवी केलीच नव्हती. काकू पाचशेपर्यंत आल्या, मग ‘सहाशेत द्या, बारा घेते’ म्हणाल्या. मालकाने हात जोडले आणि चादर घडी करून ठेवली. जाताना त्याने मला विचारलं, “दीदी, साढ़े चार सौ आपने बताया?” मी हो म्हटलं. तो पुढे काही बोलला नाही.

निम्म्यावर मागायचं हा सल्ला आपल्याकडे घराघरांत दिला जातो आणि त्याने नुकसान नेमकं कुणाचं होतं ते त्या दिवशी मी चार तासांत पाहिलं. ज्याला निम्म्याची सवय ठाऊक आहे तो सहापट सांगून बसतो, आणि निम्म्यावर येऊनही तिप्पट घेऊन जातो. जो सरळ सांगतो त्याची निम्म्यात कापड आणि मजुरीही निघत नाही.

आता मी वहीत दराशेजारी बाकीचंही लिहिते: लांबी-रुंदी, छपाई कसली, खळ आहे की नाही, मागची बाजू कशी. एम. आय. रोडवरच्या ‘राजस्थली’ या सरकारी दुकानात ठरलेल्या किमती असतात. तिथे जाऊन हातछपाईची चादर पाहते आणि तिचा दर वेगळ्या पानावर लिहिते. कटल्यातला आकडा कटल्यातल्या मालापुरताच. पाहुण्यांना सांगायची वेळ आली तर आधी चादर उलटी करून त्यांच्याच हातात देते, दर मग सांगते. गाइड कुरकुरतात. कुरकुरू देत. सांगानेरला मात्र मी त्यानंतर दोनदा जयपूरला जाऊनही गेलेले नाही. जायला हवं, हे कळतं.

गेल्या आठवड्यात काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. साताऱ्यात प्रदर्शन लागलं होतं, तिथून त्यांनी बारा चादरी घेतल्या, नगाला सातशे. खाली लिहिलं होतं: ‘जयपुरी हँडब्लॉक आहे. हजार सांगत होता, सातशेला पाडला. बरोबर घेतली ना गं?’

मी फोटो मोठा करून पाहिला. पिवळी बुट्टी, एका पाकळीला बारीक चीर. दोन फुलं सोडून पुन्हा ती चीर. पुढे पुन्हा.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. उत्तर अजून दिलेलं नाही.