हरवलेले 8/3

चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायला घेतला आणि पाचव्या प्रश्नाला 19/3 हे उत्तर दिसू लागलं. पहिल्या पेपरात, तिसऱ्यात, मग सलग चार पेपरांत. बरोबर उत्तर 9 होतं. आधी वाटलं, एकमेकांचं पाहून लिहिलंय. पण मांडणी प्रत्येकाची वेगळी होती, चूक तेवढी एकच.

प्रश्न असा: y² = 4x हा पॅराबोला आणि y = 2x − 4 ही रेषा यांच्यामधल्या बंदिस्त भागाचं क्षेत्रफळ काढा. छेदनबिंदूंपासून सुरुवात सगळ्यांनीच केली होती. रेषेतला y पॅराबोलात घातला की (2x − 4)² = 4x मिळतं, ते सोडवलं की x² − 5x + 4 = 0, म्हणजे x = 1 आणि x = 4. इथपर्यंत एकही गुण कापायची वेळ आली नाही. पुढे मात्र बहुतेकांनी हेच दोन x मर्यादा म्हणून घेतले, वर पॅराबोला, खाली रेषा असं धरलं आणि 2√x − (2x − 4) याचं 1 ते 4 इंटिग्रेशन केलं. आकडेमोड चोख. उत्तर 19/3.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर नुसती आकृती काढली आणि विचारलं, "x = 0.5 वर उभी पट्टी काढली, तर तिचं खालचं टोक कुठे येईल?"

"रेषेवर, सर," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

"रेषा तिथे किती खाली आहे?"

x = 0.5 ला रेषेचा y येतो −3. पॅराबोलाच्या दोन फांद्या तिथे साधारण 1.41 आणि −1.41 वर. म्हणजे रेषा त्या भागाच्या पार बाहेर, आणि पट्टीची दोन्ही टोकं पॅराबोलावरच. वर्ग क्षणभर गप्प झाला. बंदिस्त भाग x = 1 पासून सुरू होतच नाही, तो शिरोबिंदूपासून, x = 0 पासून सुरू होतो. डावीकडचं ते नाक सगळ्यांनी कापून टाकलं होतं. त्याचं क्षेत्रफळ वेगळं काढलं: 4√x चं 0 ते 1 इंटिग्रेशन, 8/3. आता 19/3 आणि 8/3 मिळवा, बरोबर 9. चूक किती झाली हे असं नेमकं हातात आलं की मला फार बरं वाटतं. नुसत्या लाल फुलीने ते कळत नाही.

खरं तर दोन तुकडे करायचीही गरज नव्हती. हा पॅराबोला आडवा आहे, तेव्हा पट्ट्याही आडव्या घ्यायच्या. छेदनबिंदू आहेत (1, −2) आणि (4, 4), म्हणून y जातो −2 पासून 4 पर्यंत. या पूर्ण पल्ल्यात प्रत्येक आडव्या पट्टीचं डावं टोक पॅराबोलावर आणि उजवं टोक रेषेवर असतं, कुठेही बदल नाही. मग (y + 4)/2 − y²/4 याचं इंटिग्रेशन, म्हणजे y²/4 + 2y − y³/12. वरच्या मर्यादेला 20/3, खालच्या मर्यादेला −7/3, वजाबाकी 9. उभ्या पॅराबोलाला, उदाहरणार्थ y = x² ला, हेच उलट: तिथे उभ्या पट्ट्याच सोयीच्या.

एका मुलीच्या पेपरात मात्र आडव्या पट्ट्या घेऊनही 7/3 आलं होतं. तिने x = 1 पॅराबोलाच्या समीकरणात घातला, y² = 4 मिळालं आणि y = 2 घेऊन ती पुढे गेली. (1, 2) हा बिंदू पॅराबोलावर आहे, रेषेवर नाही. वर्ग केलेल्या समीकरणात y शोधायला गेलं की अशी भलती चिन्हं घुसतात. x मिळाल्यावर y नेहमी रेषेच्या समीकरणातूनच काढायचा, तिथे एकच किंमत निघते.

तास संपता संपता तिनेच विचारलं, "सर, परीक्षेत 9 बरोबर आहे हे कळणार कसं?"

आर्किमिडीजने सिद्ध केलेली गोष्ट इथे कामी येते. जीवेच्या समांतर स्पर्शिका पॅराबोलाला जिथे टेकते, तो बिंदू आणि जीवेची दोन टोकं यांचा त्रिकोण घ्यायचा. बंदिस्त भाग त्या त्रिकोणाच्या 4/3 पट असतो. आडव्या पॅराबोलात त्या बिंदूचा y दोन छेदनबिंदूंच्या y च्या बरोबर मध्ये येतो, इथे 1, म्हणून x = 1/4. त्रिकोणाचं क्षेत्रफळ 6.75 निघालं. तिने वहीच्या कडेला 6.75 ला 4 ने गुणून 3 ने भागलं आणि आपल्या 7/3 वर काट मारली.