घाण्याचं तेल घेताना बघायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून: "रिफाइंड बंद करून घाण्याचं शेंगदाणा तेल सुरू करू का? आणि बाटलीवर 'कोल्ड प्रेस्ड' लिहिलंय म्हणजे ते खरंच तसं असतं का?"

तेलाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही हा विषय माझ्यापाशी येतोच. माझं मत असं: शेंगदाण्याची खात्री असेल तर खुशाल सुरू करा. ती नसेल तर रिफाइंड बरं.

शेवटचं वाक्य ऐकून लोक नाराज होतात, म्हणून आधी कारखान्यात काय चालतं ते सांगते. एक्सपेलर नावाच्या दाबयंत्रातून तेल निघतंच, पण पेंडीत उरलेलंही हेक्झेन नावाच्या द्रावकाने ओढून काढतात. हे कच्चं तेल गढूळ, उग्र वासाचं असतं. पाणी किंवा थोडं फॉस्फोरिक आम्ल घालून त्यातला चिकट डिंकासारखा भाग वेगळा करतात. मग कॉस्टिक सोडा घालतात. तेल जुनं झाल्यावर घशाला खवखवतात ती मोकळी आम्लं त्याने साबण होऊन खाली बसतात. पुढे एका खास मातीतून तेल नेलं की रंग जातो. शेवटी निर्वात टाकीत दोनशे ते अडीचशे अंशांवर तेलातून वाफ सोडतात, तेव्हा वास उडतो. त्याबरोबर ई जीवनसत्त्वाचाही काही वाटा जातो. कॅलरी मात्र होत्या तेवढ्याच राहतात आणि स्निग्धाम्लांचं मूळ प्रमाणही जवळपास तेच असतं. घाण्याचं तेल खाऊन वजन कमी होतं हे कुणी सांगितलं तर सोडून द्या.

आता महत्त्वाचं. ओलसर राहिलेल्या शेंगदाण्यावर बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं, यकृताला घातक विष तयार करते. घाण्यात त्यातलं बरंचसं पेंडीबरोबर जातं, पण थोडं तेलात उतरतं, आणि फोडणीच्या आचेने ते भरवशाने नष्ट होत नाही. रिफायनरीतला सोडा आणि माती वास-रंगाबरोबर तेही काढून टाकतात. घाण्यावर हे काम कुणीच करत नाही. तिथे विषापासून वाचवायला फक्त निवडलेला शेंगदाणा असतो.

म्हणून घाणा लाकडाचा की लोखंडाचा हे नंतर विचारा, आधी पोत्यात हात घाला. दाणे सुरकुतलेले, काळपट, फुटके आहेत का? चार दाणे चावून बघा, एखादा जरी कडवट किंवा खवट लागला तरी परत फिरा. चांगला घाणेवाला दाखवायला कचरत नाही.

भावाचं गणितही मांडून बघा. एक किलो तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. समजा दाणे १२० रुपये किलो आहेत, म्हणजे ३०० रुपये झाले. दीडेक किलो पेंड उरते, ती ४० रुपयांनी विकली तर ६० वजा. वीज, मजुरी, बाटली आणि त्याचा नफा धरायच्या आधीच २४० झाले. त्याच भावाच्या दाण्यांचं 'शुद्ध घाण्याचं' तेल कुणी १९० रुपये किलोने देत असेल, तर बाटलीत दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे.

बाटली घेतली तर पुढचं चित्र सोडून मागची बारीक अक्षरं वाचा. 'फिल्टर्ड' म्हणजे कोल्ड प्रेस्ड नव्हे: ते बहुतेक वेळा तापवलेल्या दाण्यांचं, एक्सपेलरचं तेल असतं, फक्त गाळलेलं. 'ब्लेंडेड' असेल तर कुठलं तेल किती टक्के हे लिहिलेलं असतं. ठळक अक्षरांत शेंगदाणा आणि आत त्याचा वाटा वीस टक्के, असंही निघतं. घटकांमध्ये 'आयएनएस ३१९' दिसलं तर ते तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं टीबीएचक्यू आहे. नियमात बसतं, पण कोल्ड प्रेस्डचे पैसे मोजताना मला ते नको असतं. 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून हसा, कुठल्याच वनस्पती तेलात ते नावाला उरेल इतकंही नसतं. आणि वजन ग्रॅममध्ये बघा. एक लिटर शेंगदाणा तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. तेवढीच दिसणारी पिशवी कमी ग्रॅमची निघाली, तर भाव ग्रॅमवर काढा.

घरी आणल्यावर एक तक्रार हमखास येते: "भजी टाकली आणि तेल फसफसून वर आलं, भेसळ असणार!" तो वर सांगितलेला डिंकासारखा भाग, जो घाण्याच्या तेलात तसाच राहतो. हे तेल रिफाइंडपेक्षा लवकर धूरही सोडतं. मी फोडणी, चटणी, थालीपीठ यांना घाण्याचं वापरते आणि दिवाळीच्या चकल्यांना रिफाइंड. घाण्याचं तेल एकदम पाच लिटर आणत नाही. उन्हात न ठेवता, महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच आणते.