पिवळ्या पानाचा फोटो आणि मर

“मॅडम, केळीच्या पानाचा फोटो पाठवून राहिलो. पान पिवळं पडलं. मर आली का जी? फोटो पाहून सांगून द्या.”

मर म्हणजे केळीचं झाड सुकवून मारणारा बुरशीचा रोग, आणि नुसतं पिवळं पान पाहून मी तो शब्द उच्चारत नाही. नागपुरात बसून माझं बहुतेक काम संत्र्याचं, पण वर्धा, अंजनगाव, अकोट या बाजूने केळीचे फोटोही रोज येतात आणि त्यातले निम्मे तरी असेच असतात: हातात धरलेलं एक पिवळं पान, मागे आभाळ. केळीचं खालचं पान पिवळं पडायला कारणं पुष्कळ आहेत. पान म्हातारं झालं, पालाश कमी पडलं, मुळाशी पाणी साचलं, कंद कुजला किंवा खरोखरच मर आली, तरी त्या एका पानाचा रंग जवळजवळ सारखाच दिसतो.

सगळेच रोग असे फसवे नसतात. करप्याचा, म्हणजे सिगाटोकाचा, फोटो असेल तर मी फोनवरच उत्तर देते. त्याच्या रेघा पानाच्या बारीक शिरांना समांतर, मधल्या शिरेकडून कडेकडे धावतात. पुढे त्या मोठ्या होऊन चातीसारखे ठिपके बनतात, मध्ये राखाडी, कडा गडद, भोवती पिवळी झाक. पर्णगुच्छ हा विषाणूचा रोगही फोटोत सापडतो, पण त्यासाठी पोंग्याच्या, म्हणजे मधल्या न उघडलेल्या पानाच्या, खालचं कोवळं पान उलटं करून सूर्यासमोर धरावं लागतं. मधल्या शिरेवरची पांढरी भुकटी बोटाने पुसली की तिच्या जवळ गडद हिरवे तुटक ठिपके आणि रेघा दिसतात, तारयंत्राच्या खुणांसारख्या, आणि काही रेघा आकड्यासारख्या मधल्या शिरेत वळतात. तो आकडा दिसला की मी शंका ठेवत नाही. आधी माव्यासाठी फवारणी करायला सांगते आणि मगच झाड कंदासकट खणायला सांगते. उलट क्रमाने केलं तर हललेल्या झाडावरचा मावा शेजारच्या झाडावर जातो आणि विषाणू त्याच्याबरोबर.

मर मात्र पानात राहत नाही. फ्युजेरियम बुरशी मातीतून मुळात शिरते, तिथून कंदात आणि कंदातून खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत. पानावर दिसतं ते फक्त पाणी न पोचल्याचं लक्षण. पाणी अडायला दुसरं कुठलंही कारण घडलं तरी पान तसंच दिसणार.

तरीही पूर्ण झाडाचा फोटो आला तर थोडं पुढे जाता येतं. पान कुठे मोडलंय ते मी आधी बघते. मर असेल तर सगळ्यात जुनं पान कडेकडून आत पिवळं होत जातं आणि देठ खोडाजवळच मोडतो. मग एकामागून एक पानं खोडाला लटकतात, घागऱ्यासारखी. पालाश कमी असेल तर जुनं पान टोकाकडून, कडांनी नारिंगी-पिवळं होतं आणि बहुतेक वेळा मधोमध दुमडतं, देठाशी नाही. दुसरी खूण बुंध्यावर: मरेत खोड जमिनीजवळ उभं तडकतं. पण खोडाला उभी भेग पाण्याच्या चढउतारानेही पडते, म्हणून नुसत्या भेगेवर मी निर्णय देत नाही.

एक बाग सविस्तर सांगते, कारण फोटोने मला कुठपर्यंत नेलं आणि कुठे थांबवलं ते त्यात नीट दिसतं. मे महिना. सेलूजवळून एका दादांचा फोटो आला. दोन एकर, ५ बाय ५ फुटांवर साधारण ३,४०० झाडं, टिश्यू कल्चरची जी-९ रोपं, फेब्रुवारीत लावलेली. काळी जमीन, दुहेरी ठिबक. फोटोत तीन पिवळी पानं, पोंगाही थोडा मलूल. औषधाच्या दुकानात त्यांना “मर आहे” असं सांगून बुरशीनाशकाची आळवणी दिली होती. ती करून आठ दिवस झाले होते आणि पिवळ्या झाडांची संख्या वाढतच होती. बाग उपटायची का, एवढाच त्यांचा प्रश्न उरला होता.

फोटो नीट पाहण्याआधीच दोन गोष्टी मला खटकल्या. मर सहसा लागवडीनंतर पाच-सहा महिन्यांनी उघड दिसते, इथे रोपं तीन महिन्यांची होती. आणि जात जी-९. आपल्याकडची जुनी मर, म्हणजे त्या बुरशीचा वंश १, रसथाळीसारख्या जाती मारतो, जी-९ ला सहसा लागत नाही. पूर्वी मी एवढ्यावरच “मर नाही” म्हटलं असतं. पण टीआर-४ हा वंश जी-९ लाही मारतो आणि तो बिहारमध्ये सापडल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. त्यामुळे जातीच्या भरवशावर आता कुणाला निर्धास्त करणं मला पटत नाही.

मी त्यांना खोड आडवं कापून फोटो पाठवायला सांगितलं. फोटो आला आणि काप सगळा तपकिरी. क्षणभर माझाही जीव खाली गेला. मग विचारलं, कापून किती वेळ झाला? सकाळी कापलं होतं, मोबाइल घरी राहिला होता, जेवून आल्यावर फोटो काढला. केळीचा चीक हवा लागली की तपकिरी होतोच, निरोगी झाडाचासुद्धा. केळफूल चिरलं की बोटं काळी होतात, तसंच. असा शिळा काप मरेसारखाच दिसतो, आणि चांगल्या चांगल्यांना मी त्यावर फसलेलं पाहिलंय.

दुसऱ्यांदा मी फोन चालू ठेवूनच सगळं करायला लावलं. आधी झाड धरून ओढायचं. झाड बुंध्याशी मोडून हातात आलं, कंद मातीतच राहिला. मग कंद खणून, विळा धुऊन, मधोमध उभा चिरायचा. शेजारी पांढरा कागद ठेवायचा, म्हणजे मोबाइल रंग बदलतो तेव्हा पांढरा किती बदलला ते मला कळतं. फोटो चिरल्यापासून एका मिनिटाच्या आत, सावलीत, फ्लॅश न लावता. आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर बारीक धागे पुसले जातात.

या वेळी चित्र स्पष्ट होतं. मरेत कंद सुरुवातीला टणक असतो. त्यात पिवळसर-लाल ते गडद तपकिरी ठिपके आणि धागे दिसतात, तेच धागे खोडाच्या पदरांतून वर चढतात आणि मधला गर पांढराच राहतो. इथे धागे नव्हते. गळ्याशी कंद मऊ, पाणथळ, तपकिरी, कडेला गडद पट्टा, आणि वर खोडाचे पदर स्वच्छ पांढरे. मी विचारलं, वास कसा आहे? ते म्हणाले, “सडल्यासारखा जी, नाक धरावं लागते.” मरेत सुरुवातीला असा वास येत नाही. ही जिवाणूने आणलेली कंदकुज होती. वैशाखातला ताप आणि सतत ओली जमीन तिला लागते, आणि कोवळ्या टिश्यू कल्चर रोपांवर ती आधी पडते.

पाण्याचं विचारलं तेव्हा उरलेलं कळलं. पारा ४५ च्या वर गेला म्हणून भीतीने ते दोन्ही नळ्या रोज सहा-सात तास चालवत होते. वरची माती उन्हात कोरडी दिसायची, म्हणून आणखी पाणी. मी केळझरपर्यंत दुसऱ्या कामाने गेलेच होते, तशीच पुढे त्यांच्या बागेत गेले. रोपाशेजारी सहा इंच हात घातला तर मातीचा गोळा वळत होता आणि बोटाला पाणी लागत होतं. ही गोष्ट कुठल्याही फोटोत आली नसती.

मग केलं ते असं. पाणी निम्म्याहून खाली आणलं, पहाटे आणि संध्याकाळी थोडं थोडं, आणि नळी बुंध्यापासून एक वीत बाहेर सरकवली. मोडलेली झाडं कंदासकट काढून बागेबाहेर नेली, खड्डे उन्हात उघडे ठेवले. भोवतीच्या झाडांना लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी दिली. दुकानातून आलेलं बुरशीनाशक जिवाणूवर चालणारच नव्हतं, आणि त्या आळवणीने ओल मात्र वाढली होती. तीन आठवड्यांत नवीन झाडं मोडायची थांबली. सगळी मिळून साठेक गेली. बाग उपटली असती तर ३,४०० गेली असती.

समजा कापात धागे दिसले असते, तर? तरी मी फोटोवरून टीआर-४ म्हटलं नसतं. वंश १ आणि टीआर-४ यांचा काप डोळ्याला वेगळा दिसत नाही. ते प्रयोगशाळेतच ठरतं. अशा वेळी खोडातला रंगलेला धागा असलेला वितीएवढा तुकडा कागदात गुंडाळून, सावलीत सुकवून पाठवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर तो कुजतो आणि तपासणीत भलतंच काही उगवतं. मातीचा कण, मुनवे, विळ्यावरचा चिखल, काहीही त्या शेताबाहेर जाऊ द्यायचं नाही. ही बुरशी केळी नसलेल्या जमिनीतही अनेक वर्षं जिवंत राहते आणि एकदा शिरली की कुठलंही औषध तिला तिथून काढत नाही. म्हणूनच हा शब्द मी घाईने उच्चारत नाही. चुकून “मर” म्हटलं तर चांगली बाग उपटली जाते. चुकून “मर नाही” म्हटलं तर शेजाऱ्याच्या शेतापर्यंत पाण्याबरोबर ती पोचते.

ऑगस्टमध्ये त्याच दादांचा पुन्हा फोटो आला. यावेळी न सांगता पांढरा कागद शेजारी ठेवला होता. वरून चौथं पान, आणि त्यावर कडेकडे धावणाऱ्या बारीक रेघा, काहींच्या मध्ये राखाडी. झाडावर चांगली पानं किती ते मोजून सांगा म्हटलं. अकरा होती. रेघांची पानं कापून बागेबाहेर न्या, मग उघाड पाहून प्रोपिकोनाझोल लिटरला १ मिलि, सोबत १० मिलि खनिज तेल, आणि पानाच्या खालच्या बाजूलाही पोचू द्या, असं सांगितलं. दहा मिनिटांत बोलणं संपलं. सेलूला जायची गरज पडली नाही.