हिरवी टिक, पोकळ ढग आणि न थांबणारे बाण

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याचे संगणक मी सांभाळतो. तिथल्या डिझाइन विभागातला जुना संगणक फॉरमॅट करून गोडाउनला द्यायचा आणि डिझाइनसाठी नवा संगणक बसवायचा, एवढ्याच कामासाठी मला बोलावले होते. सगळ्या डिझाइन वनड्राइव्हच्या, म्हणजे इंटरनेटवर आपोआप प्रत ठेवणाऱ्या, फोल्डरमध्ये असल्यामुळे दुपारपर्यंत काम आटोपेल, असा सर्वांचा हिशेब होता.

मी पोहोचलो तेव्हा अकाउंटंट काका त्या संगणकासमोर बसून जुन्या वर्षांच्या डिझाइन निवडत होते आणि त्यांचे बोट डिलीटच्या बटणाकडे निघाले होते. डिस्क भरल्याची सूचना सारखी येत होती, आणि ज्या फाइलींपुढे निळ्या रेषेचा पोकळ ढग दिसतो त्या फाइली 'गेलेल्या' आहेत, नावे तेवढी उरली आहेत, अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना थांबवले. ढग असलेली फाइल त्या फोल्डरमधून डिलीट केली, तर ती वनड्राइव्हवरूनही आणि जोडलेल्या प्रत्येक संगणकावरूनही जाते. शिवाय ती या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. वेबवरच्या वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये शोधावी लागते, आणि तिथेही ती ठराविक मुदतीपुरतीच राहते. डिस्कवर जागा करायची असेल तर फाइलवर राइट क्लिक करून Free up space निवडायचे असते. पण ढगाच्या फाइलींना त्याचीही गरज नव्हती, कारण त्या डिस्कवर जागा घेतच नव्हत्या.

काकांचा यावर विश्वास बसेना, म्हणून २०२१च्या फोल्डरचे Properties उघडून दाखवले. Size समोर ३.२ जीबी होते आणि त्याच्या खालच्या ओळीत, Size on disk समोर, 0 bytes होते. काका क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे माल गोडाउनात आणि इथे नुसते चलान." मला हे नेमके वाटले. मग त्यांच्यासमोरच एका जॅकार्ड बॉर्डरच्या फाइलवर डबल क्लिक केले. ती उतरायला काही सेकंद लागले, डिझाइन उघडले आणि ढगाच्या जागी पांढऱ्या वर्तुळातली हिरवी टिक आली. इंटरनेट बंद असते तर ती फाइल उघडलीच नसती, हेही मी सांगितले. ढगाचा खरा तोटा तेवढाच आहे.

"पण आम्ही तर ढग केलेच नव्हते," असे डिझाइनर ताई म्हणाल्या, आणि ते खरे होते. विंडोजच्या Storage Sense मध्ये त्या संगणकावर ३० दिवसांची मुदत निवडलेली होती. तेवढे दिवस कोणी न उघडलेली फाइल विंडोज आपणहून डिस्कवरून उतरवून फक्त ऑनलाइन ठेवते. पांढऱ्या वर्तुळातल्या टिकेची फाइल आज डिस्कवर असली तरी ती उद्या अशी ढग होऊ शकते. भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी टिक असेल तर मात्र ती फाइल Always keep on this device म्हणून कोणीतरी मुद्दाम ठेवलेली असते आणि मुदतीच्या नियमाने हलत नाही. दोन्ही टिकांचा रंग एकच असल्यामुळे हा फरक बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

खरी अडचण मात्र ज्या खुणेकडे कोणी पाहत नव्हते तिच्यात निघाली. फोल्डरच्या पहिल्याच पातळीवर, चालू वर्षाच्या नावापुढे, दोन निळे बाण दिसत होते. "ते नेहमीच फिरत असतात," असे ताईंनी सहज सांगितले. टिक आणि ढग या दोन्ही खुणांचा अर्थ एवढा तरी पक्का असतो की फाइल वर पोहोचलेली आहे; फरक असतो तो ती या डिस्कवर आहे की नाही याचा. बाण म्हणजे वरची प्रत आणि इथली प्रत अजून जुळलेली नाही. ताजी फाइल चढताना ते काही वेळ दिसणे साहजिक आहे, पण दिवसेंदिवस तसेच राहिले तर एखादी फाइल अडकली आहे असे समजावे. आतली एकच फाइल अडली तरी बाण वरच्या प्रत्येक फोल्डरवर दिसतात, म्हणून बाणांचा माग काढत आत आत जावे लागते.

तसे गेल्यावर शेवटी एकच फाइल सापडली: डिझाइन सॉफ्टवेअरची रंगांची आणि विणींची लायब्ररी. घड्याळाजवळच्या वनड्राइव्हच्या खुणेवर विरामचिन्ह नव्हते आणि लाल फुलीही नव्हती. म्हणजे सिंक, अर्थात दोन्हीकडच्या प्रती जुळवण्याचे काम, थांबवलेले नव्हते आणि वनड्राइव्ह कोणती त्रुटीही दाखवत नव्हते. मी काकांच्या संगणकावरून ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडले. तिथे ती फाइल त्याच नावाने होती, पण तिची तारीख दिवाळीच्या आधीची होती, तर डिस्कवरच्या फाइलची तारीख आजची होती. दिवाळीनंतर एका निर्यातीच्या ऑर्डरसाठी बसवलेल्या सगळ्या रंगछटा फक्त या डिस्कवर होत्या, आणि तीच डिस्क आम्ही पुसणार होतो. वेबवर नाव दिसते एवढ्यावर समाधान मानले असते, तर हे कळलेच नसते.

फाइल कोणी धरून ठेवली आहे हे पाहायला मी तिचे नाव बदलून पाहिले. विंडोजने नकार देताना The action can't be completed because the file is open in असे म्हणून पुढे डिझाइन सॉफ्टवेअरचेच नाव दिले. ताईंनी ते सकाळीच बंद केले होते. पण खिडकी बंद केली तरी ते घड्याळाजवळ चालूच राहत होते आणि विंडोज सुरू होताच आपोआप पुन्हा उघडत होते. त्यामुळे लायब्ररी कधीच मोकळी होत नव्हती आणि वनड्राइव्हला ती वाचता येत नव्हती. टास्क मॅनेजरमधून ते मारून टाकणे सोपे होते, पण लायब्ररी अर्धवट लिहिली जाण्याचा धोका नको म्हणून सॉफ्टवेअर त्याच्याच Exit ने बंद केले आणि लगेच लायब्ररीची प्रत पेनड्राइव्हवर काढली. थोड्या वेळात बाण जाऊन टिक आली. तरी ब्राउझरमध्ये पान नव्याने उघडून आजची तारीख पाहिल्यावरच मी पुढे सरकलो.

फॉरमॅटच्या आधी आणखी एक पाहिले. डी ड्राइव्हवर ग्राहकांनी पाठवलेल्या नमुन्यांच्या स्कॅनचे फोल्डर होते आणि त्यापुढे कोणतीच खूण नव्हती. ते वनड्राइव्हच्या फोल्डरबाहेर असल्यामुळे कधीच वर गेलेले नव्हते. ते आत हलवले आणि बाण संपेपर्यंत आम्ही चहा घेतला.

नव्या संगणकावर लॉगिन केल्यावर सगळीकडे पोकळ ढगच दिसले, आणि या वेळी काकांनीच ताईंना समजावले की काही गेलेले नाही. चालू ऑर्डरींच्या फोल्डरला Always keep on this device दिले, कारण एमआयडीसीत इंटरनेट मधूनच जाते; जुनी वर्षे ढगच ठेवली. लायब्ररी मात्र सिंकच्या फोल्डरबाहेर ठेवली. आता संध्याकाळी सॉफ्टवेअरच्या बॅकअपमधून तिची प्रत आत टाकायची आणि तिच्यापुढे टिक आल्यावरच संगणक बंद करायचा, असे ताईंनी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवले आहे.