अर्जाआधी टीम लीडच्या नजरेत येताना : माझा अनुभव

नोकरी बदलायचं ठरलं तेव्हा मी लिंक्डइनवर आधी मोजक्या कंपन्या निवडल्या. मी ऑटोमेशन टेस्टर आहे आणि मला पेमेंटच्या प्रॉडक्टवरच काम करायचं होतं, त्यामुळे यादी आपोआप छोटी झाली. त्या कंपन्यांची पेजेस फॉलो केली. याचा एक उपयोग बऱ्याच जणांना माहीत नसतो. रिक्रूटर मंडळी जे पैसे भरून घेतलेलं LinkedIn Recruiter वापरतात, त्यात आपल्या कंपनीत आधीच रस दाखवलेले उमेदवार वेगळे काढायची सोय असते. म्हणजे नुसतं फॉलो करणंही वाया जात नाही. पण ज्याच्या हाताखाली आपण काम करणार, त्या टीम लीडला यातलं काहीच दिसत नाही. आणि मला त्याच्या नजरेत यायचं होतं.

मग कंपनीच्या पेजवरच्या People मध्ये जाऊन QA आणि SDET असे शब्द टाकले आणि टेस्टिंग टीममधली माणसं शोधली. त्यातले बहुतेक जण कधीच काही लिहीत नाहीत, त्यांना सोडून दिलं. जे लिहितात ते सापडायला आणखी एक वाट आहे: आपल्या विषयाचा शब्द शोधायचा, Posts निवडायचं आणि फिल्टरमध्ये Author company म्हणून ती कंपनी टाकायची. सीईओच्या पोस्टच्या वाटेला मी गेले नाही. तिथे शेकडो अभिनंदनांच्या ढिगात आपली कमेंट कोण वाचणार? चार-पाचच कमेंट असलेली लीडची पोस्ट कितीतरी कामाची, कारण तो प्रत्येक कमेंट स्वतः वाचतो.

पहिली कमेंट टाकण्याआधी हेडलाइन बदलली. कमेंटवर नावाखाली हेडलाइनचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, पुढचं कापलं जातं. माझ्या हेडलाइनची सुरुवात आधीच्या कंपनीच्या नावाने होती. तिथे 'ऑटोमेशन टेस्टर, पेमेंट ॲप्स' असं आणलं.

एका लीडने लिहिलं होतं की त्यांच्या टेस्ट कधी पास होतात, कधी फेल, आणि टीमचा सगळा वेळ त्या पुन्हा चालवण्यात जातो. खाली दोघातिघांनी 'अगदी खरं' असं लिहिलं होतं. मी लिहिलं, "आमच्याकडेही हेच होतं. ठरावीक सेकंद थांबणारे sleep काढून बटण दिसेपर्यंत थांबणारे wait लावले, तेव्हा थोडा फरक पडला. खरं कारण टेस्ट डेटा निघाला. एकाच वेळी चालणाऱ्या टेस्ट एकच युजर वापरत होत्या आणि एकीने बॅलन्स संपवला की दुसरी फेल व्हायची. प्रत्येक टेस्ट स्वतःचा युजर तयार करायला लागल्यापासून हा त्रास गेला. तुमच्याकडे त्याच टेस्ट एकेकट्या चालवल्यावर पास होतात का?"

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकेकट्या पास होत असतील तर संशय डेटावर जातो, आणि हे त्या कामातल्या माणसाला लगेच कळतं. लीडने त्याच दिवशी उत्तर दिलं, आणि माझं प्रोफाइल कोणी पाहिलं त्या यादीत त्याचं नाव आलं. कमेंट पोचल्याची खूण हीच: उलट प्रश्न येतो किंवा प्रोफाइल उघडलं जातं. नुसतं लाइक आलं तर फार अर्थ काढू नये. एकाच माणसाच्या जुन्या पोस्टवर एका बैठकीत कमेंट टाकत सुटणं मी कटाक्षाने टाळलं. त्याला सूचनांची रांग दिसते आणि आपला हेतू उघडा पडतो. जिथे खरंच सांगण्यासारखं होतं तिथेच लिहिलं.

पुढे त्याच टीममध्ये जागा निघाली. इथे क्रम सांभाळावा लागतो. बऱ्याच कंपन्यांत आपण स्वतः अर्ज भरून मोकळे झालो, की नंतर दिलेला रेफरल सिस्टिम धरत नाही. म्हणून आधी लीडला मेसेज केला: "टेस्ट डेटावर आपलं बोलणं झालं होतं. तुमच्या टीममधली ही जागा माझ्या कामाशी जुळते. रेफर करणं योग्य वाटलं तर सीव्ही पाठवते, नाहीतर मी थेट अर्ज करीन." सोबत जागेची लिंक दिली. त्याने सीव्ही मागवला आणि रेफर केलं.

त्यानंतर काहीही सोपं झालं नाही. कोडिंगची फेरी सगळ्यांना होती तशीच मलाही होती. फक्त अर्ज ढिगात न पडता माणसाने उघडून वाचला, आणि तांत्रिक फेरीत पहिलाच प्रश्न आला की ते स्वतंत्र युजर टेस्ट संपल्यावर काढून कसे टाकायचात. यादीतल्या दुसऱ्या एका कंपनीतल्या लीडशीही असाच छान संवाद झाला होता, पण तिथे भरतीच थांबलेली होती. तिथे अर्ज केला नाही. त्या लीडच्या पोस्ट मात्र अजून वाचते, कारण त्या चांगल्या असतात.