शून्य पोत्यांची जागा

*"मॅडम, ε म्हणजे शेवटी शून्यच ना? मग तो कुठल्याही रिकाम्या घरात टाकला तर काय बिघडतं?"*

प्रश्न वाहतुकीच्या तक्त्यातला आहे: गोदामांतून बाजारांत कमीत कमी खर्चात माल पोचवायचा, आणि भरलेली घरं कमी पडली तर एका रिकाम्या घरात ε, म्हणजे जवळपास शून्य इतका बारीक माल, ठेवून ते भरलेलं मानायचं. पोत्यांच्या हिशोबात काहीच बिघडत नाही. माल तेवढाच जातो, खर्चही तोच येतो. अडतं ते पुढच्या टप्प्यावर, म्हणजे हे वाटप सर्वांत स्वस्त आहे की नाही हे तपासताना. आणि ε आपण आणतो तो त्या तपासणीसाठीच.

वर्गात मी यासाठी एकच उदाहरण घेते. आकडे मुद्दाम जुळवलेले आहेत, कारण या एका तक्त्यात नेहमीच्या सगळ्या चुका दिसतात. अ, ब, क ही तीन गोदामं आणि १, २, ३ हे तीन बाजार. घरातला आकडा म्हणजे एक पोतं नेण्याचा खर्च, रुपयांत.

| | बाजार १ | बाजार २ | बाजार ३ | साठा |
|---|---|---|---|---|
| अ | ४ | ५ | ६ | ६० |
| ब | ६ | ५ | ७ | ४० |
| क | ८ | ७ | ३ | ५० |
| मागणी | ७० | ३० | ५० | १५० |

कमीत कमी खर्चाच्या पद्धतीने भरायला घेऊ. सर्वांत स्वस्त घर क३. तिथे ५० पोती जातात आणि त्याच क्षणी क चा साठाही संपतो, बाजार ३ ची मागणीही संपते. सगळी गोष्ट इथेच घडते. एरवी एक घर भरलं की ओळ तरी मिटते किंवा स्तंभ तरी. इथे दोन्ही एकदम मिटले आणि एक घर आपल्या हातून गेलं. पुढे अ१ मध्ये ६०, ब२ मध्ये ३० आणि ब१ मध्ये उरलेली १०. एकूण खर्च ६०० रुपये. घरं भरली चार. तीन ओळी आणि तीन स्तंभांना हवीत पाच. वायव्य कोपऱ्यातून सुरुवात केलीत किंवा व्होगेलच्या पद्धतीने गेलात तरी हीच चार घरं भरतात, म्हणजे दोष पद्धतीचा नाही. साठा आणि मागणी यांची बेरीज मध्येच कुठेतरी तंतोतंत जुळते, हे त्याचं कारण.

पाच का हवीत, हे `m + n − 1` असं पाठ करून कळत नाही. वहीत डावीकडे अ, ब, क असे तीन ठिपके काढा, उजवीकडे १, २, ३ असे तीन. भरलेलं प्रत्येक घर म्हणजे त्या ओळीच्या आणि त्या स्तंभाच्या ठिपक्यांना जोडणारी रेघ. सहा ठिपके एकमेकांना जोडले जायला कमीत कमी पाच रेघा लागतात. आपल्याकडे चार आहेत, म्हणून चित्राचे दोन तुकडे पडलेले दिसतील: एका तुकड्यात अ, ब, १ आणि २, दुसऱ्यात एकटे क आणि ३. मी विद्यार्थ्यांना हे चित्र काढायलाच लावते. नुसती घरं मोजून कमतरता कळते, पण तुकडे कुठे पडले ते कळत नाही, आणि ε ची जागा त्या तुकड्यांवरूनच ठरते.

आता मोडी पद्धतीने तपासू. प्रत्येक ओळीला एक आकडा (u), प्रत्येक स्तंभाला एक आकडा (v), आणि भरलेल्या प्रत्येक घरात त्या दोघांची बेरीज त्या घराच्या खर्चाइतकी. अ ला ० दिला की बाजार १ ला ४ मिळतात. मग ब१ चा खर्च ६, म्हणून ब ला २. ब२ चा खर्च ५, म्हणून बाजार २ ला ३. आणि इथे आपण थांबतो. क आणि बाजार ३ बद्दल एवढंच माहीत आहे की दोघांची बेरीज ३. क ला ० दिला तर बाजार ३ ला ३. क ला १० दिले तर बाजार ३ ला −७. दोन तुकड्यांना जोडणारं भरलेलं घरच नसल्यामुळे दुसरा तुकडा सुटा राहिला आहे, त्याचे आकडे वरखाली सरकू शकतात. ε चं काम एवढंच की दोन तुकड्यांमध्ये एक रेघ ओढायची आणि ते सरकणं थांबवायचं.

म्हणजे तुमच्या "कुठल्याही रिकाम्या घरात" या शब्दांचं उत्तर चित्रातच आहे. बहुतेक जण सर्वांत स्वस्त रिकामं घर शोधतात. इथे ते अ२ आहे, खर्च ५. पण अ आणि २ हे आधीच एका तुकड्यात आहेत. तिथे रेघ ओढली की अ१, ब१, ब२, अ२ असा बंद लूप तयार होतो आणि दुसरा तुकडा सुटा तो सुटाच. आकडे काढायला बसलात की चूक लगेच उघड होते: अ२ वरून बाजार २ ला ५ यायला हवेत, ब२ वरून ३ आलेत. एकाच स्तंभाला दोन वेगळे आकडे मिळाले की ε लूपमध्ये पडला आहे असं समजावं. उत्तरपत्रिकेत मला नेमकं या ठिकाणी खाडाखोड दिसते; विद्यार्थ्याला वाटतं बेरीज चुकली, आणि तो तीच बेरीज तीन-तीनदा करत बसतो. भरलेली घरं पाच झाली म्हणून अट पूर्ण झाली असं त्याने धरलेलं असतं. पाच घरं हवीत हे खरं, पण त्यांच्यात लूपही असता कामा नये.

दोन तुकड्यांना जोडणारी घरं चारच आहेत: अ३, ब३, क१, क२. यांपैकी कुठलंही चालतं. रिवाज असा की त्यांतलं स्वस्त घ्यावं, म्हणून अ३ घेऊ, खर्च ६. बाजार ३ ला ६ मिळाले, क ला −३. आता रिकाम्या घरांत खर्चातून ओळीच्या आणि स्तंभाच्या आकड्यांची बेरीज वजा करत जाऊ. कुठेही उणे आलं नाही तर वाटप सर्वांत स्वस्त; उणे आलं तर त्या घरात माल आणून पाहायचं. अ२ मध्ये २ उरतात, क१ आणि क२ दोन्हींत ७, पण ब३ मध्ये ७ वजा ८, म्हणजे −१.

उणे एक दिसला की विद्यार्थी दोन वाटांनी चुकतात. पहिली वाट: ब३ मध्ये माल आणायचा म्हणून लूप काढला. ब३ ला अधिक, अ३ ला उणे, अ१ ला अधिक, ब१ ला उणे. उणे असलेल्या घरांत ब१ मध्ये १० पोती दिसतात, म्हणून दहा सरकवली. अ३ मध्ये तर ε होता, तिथे आता −१० पोती झाली. उणे पोती कुणी पाठवू शकत नाही. सरकवायचं ते उणे घरांतलं सर्वांत कमी, आणि ते ε आहे. दुसरी वाट: ε सरकवून खर्च एक पैसाही कमी होत नाही, म्हणून सरकवण्यात अर्थ नाही असं मानून तिथेच थांबायचं. मग वहीत −१ तसाच राहतो आणि उत्तर सर्वोत्तम आहे की नाही ते अधांतरी.

ε सरकवायचाच. अ३ रिकामं होतं, ब३ मध्ये ε येतो. अ१ मध्ये ६० अधिक ε म्हणजे ६०च, ब१ मध्ये १० वजा ε म्हणजे १०च. पुन्हा आकडे काढा: बाजार ३ ला ५, क ला −२. आता अ२ मध्ये २, अ३ मध्ये १, क१ आणि क२ मध्ये ६. कुठेही उणे नाही. ६०० रुपये हाच सर्वांत कमी खर्च, आणि वाटपही पहिल्यापासून होतं तेच.

हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. −१ आला तेव्हासुद्धा वाटप सर्वोत्तमच होतं; ते सिद्ध करणारे आकडे आपल्याकडे नव्हते, एवढंच. क चा सुटा आकडा −२ पासून ४ पर्यंत कुठेही ठेवा, एकाही घरात उणे येत नाही. अ३ मध्ये ε ठेवल्यावर तो −३ वर, म्हणजे या पट्ट्याच्या जरासा बाहेर बसला. ब३ मध्ये ठेवल्यावर −२ वर. क१ किंवा क२ मध्ये ठेवला असता तर ४ वर बसून पहिल्याच फेरीत तपासणी संपली असती, आणि ही दोन्ही घरं अ३ पेक्षा महाग आहेत. म्हणून "स्वस्त घरात ठेवा" याला मी नियम म्हणत नाही. ती सोय आहे, बहुधा उपयोगी पडते. नियम एकच: तुकडे जोडले गेले पाहिजेत. सुटा आकडा कुठे ठेवला तरी कुठेतरी उणे राहतंच, असं झालं तर मात्र वाटप खरोखर सुधारता येतं, आणि मग फेऱ्या करताना खरी पोती हलतात, खर्च उतरतो.

क१ चा उल्लेख केलाच आहे तर एक सूचना. तिथे ε ठेवला की क२ मध्ये बरोबर ० येतो. पुस्तकी सवयीने लगेच लिहिलं जातं, "पर्यायी सर्वोत्तम उत्तर आहे." लूप काढून पाहा: पुन्हा ε च हलतो, पोती जागची हलत नाहीत. वेगळं वाटप त्यातून निघत नाही.

हीच अडचण मधल्या फेरीतही येते. लूपमधल्या दोन उणे घरांत सारखाच माल असेल तर सरकवल्यावर दोन्ही एकदम रिकामी होतात. तेव्हा एकच घर सोडावं आणि दुसऱ्यात ε ठेवून ते भरलेलंच मानावं. इथे जागा शोधावी लागत नाही. दोन्ही घरं त्याच लूपमधली असल्यामुळे कुठलंही एक ठेवलं तरी तुकडे जोडलेले राहतात.

जागा शोधण्याची कटकटच नको असेल तर आणखी एक रस्ता आहे. आकड्यांना अगदी बारीकसा धक्का देऊन ही अडचण मुळातच टाळायची, ही कल्पना अब्राहम चार्न्स यांनी १९५२ मध्ये मांडली. वाहतुकीच्या तक्त्यात ती अशी वापरतात: प्रत्येक गोदामाच्या साठ्यात ε मिळवायचा आणि तेवढे सगळे ε शेवटच्या बाजाराच्या मागणीत घालायचे. आपले साठे होतात ६०+ε, ४०+ε, ५०+ε; मागण्या ७०, ३०, ५०+३ε. आता मधली कुठलीही बेरीज तंतोतंत जुळू शकत नाही. वायव्य कोपऱ्यातून भरत जा: अ१ मध्ये ६०+ε, ब१ मध्ये १०−ε, ब२ मध्ये ३०. ब कडे अजून २ε शिल्लक आहेत, ते ब३ मध्ये जातात, आणि क३ मध्ये ५०+ε. घरं पाच भरली, लूप नाही, आणि पाचवं घर ब३, जिथे आपण एक फेरी करून पोचलो होतो.